माल ठेवा, विकला तर पैसे: दुकानदाराला पाठवायचा पहिला मेल

हाताने शिवलेल्या बाळाच्या गोधड्या आणि कापडी बटवे आम्ही छत्रपती संभाजीनगरातल्या दुकानांत विक्रीसाठी ठेवतो. माल आमचा, फळी त्यांची, पैसे विकल्यावर. ओळखपाळख नसलेल्या दुकानदाराला असं विचारणारा पहिला मेल कसा लिहायचा आणि होकार आल्यावर पुढे काय करायचं, त्याची ही पद्धत आहे. वस्तू दुसरी असेल तर आकडे बदलतील, क्रम बहुतेक हाच राहील.

पहिल्यांदा मेल लिहिणारे बहुतेक जण वस्तूच्या कौतुकात अडकतात. शुद्ध सुती, हातशिलाई, ग्रामीण महिलांना रोजगार वगैरे. दुकानदार हे सगळं रोज ऐकतो. यात त्याचे पैसे गुंतत नाहीत, त्यामुळे पैशांची भीतीही नसते. त्याला धास्ती असते ती तीन गोष्टींची: फळी किती अडणार, हिशेब कोण ठेवणार आणि न विकलेला माल उचलायला हा माणूस परत येणार का. कुणीतरी ठेवून गेलेल्या आणि पुन्हा कधीच न नेलेल्या मालाचं एखादं खोकं बहुतेक दुकानांत माळ्यावर सापडतं. म्हणून मेलमध्ये वस्तूला दोन ओळी पुरतात आणि बाकीची जागा या तीन उत्तरांना द्यावी लागते.

मेल लिहिण्याआधी दुकान बघून यायचं. गिऱ्हाईक म्हणून आत जायचं, काहीतरी छोटं घ्यायचं आणि चार गोष्टी टिपायच्या: बाळाच्या भेटवस्तू आहेत का, त्यांची किंमत साधारण कुठे आहे, फळीवर मोकळी जागा आहे का आणि बिल कसं मिळतं. छापील बिल मिळालं तर त्यावर बऱ्याचदा मेलचा पत्ता असतो आणि जीएसटी क्रमांक असला तर तोही दिसतो. या क्रमांकाचं काम पुढे पडणार आहे. बिलावर पत्ता नसेल तर दुकानाचं कार्ड मागायचं किंवा त्यांच्या इन्स्टाग्राम पानावर बघायचं. गूगल मॅप्सवर सहसा फोन नंबर मिळतो, मेलचा पत्ता क्वचितच.

सगळी दुकानं मेलने गाठता येत नाहीत, हेही धरून चालावं. कॅनॉट, निराला बाजार, उस्मानपुरा या भागांतली गिफ्टची, लहान मुलांच्या कपड्यांची आणि पुस्तकांची दुकानं मेल बघतात. गुलमंडीतल्या जुन्या पेढीवर मेल बहुधा हिशेबनिसाच्या संगणकात जातो आणि शेठपर्यंत पोचतच नाही. तिथे दुपारी जाऊन ‘जांगडवर माल ठेवता का’ असं तोंडीच विचारलेलं बरं. जांगड म्हणजे हीच बोली: विकला तर पैसे, नाहीतर माल परत. आधी मेल केला असेल तर तो फोनवर उघडून दाखवता येतो आणि सगळ्या अटी पुन्हा सांगत बसावं लागत नाही.

किती नग द्यायचे आणि किती टक्के द्यायचे, याची आकडेमोड मेलच्या आधीच झालेली असली पाहिजे. दुकानदाराने फोनवर ‘चाळीस टक्के द्या’ म्हटलं की गडबडून हो म्हटलं जातं आणि नंतर कळतं की प्रत्येक गोधडी फुकट शिवली.

एका गोधडीचा खर्च असा धरू. कापड २२०, आतला थर आणि दोरा ४०, शिलाईची मजुरी २५०, लेबल आणि पिशवी २०, एकूण ५३० रुपये. छापील किंमत ९००. दुकानाला ३० टक्के, म्हणजे २७० दिले की आपल्याला ६३० मिळतात आणि हातात १०० राहतात. तेच ४० टक्के दिले तर ५४० मिळतात आणि राहतात फक्त १०. बटव्याचं गणित वेगळं आहे. खर्च ७५, किंमत १८०. ३० टक्क्यांत १२६ मिळून ५१ सुटतात, ४० टक्क्यांतही १०८ मिळून ३३ सुटतात. म्हणजे बटव्यावर ताणून घेता येतं, गोधडीवर येत नाही. शिवणाऱ्या बाईची मजुरी यात धरलेली नसेल तर सगळे आकडे छान दिसतात. घरच्या घरी शिवणारे लोक नेमके तिथेच फसतात.

दुसरा हिशेब गुंतलेल्या पैशाचा. एका दुकानात ४ गोधड्या आणि ८ बटवे ठेवले तर आपले २,१२० अधिक ६००, म्हणजे २,७२० रुपये फळीवर जाऊन बसतात. दहा दुकानांनी हो म्हटलं तर २७,२०० रुपये. म्हणून पन्नास दुकानांना एकदम मेल टाकायचा नसतो. आठवड्याला चार-पाचच पाठवायचे. तेवढे होकार आले तरी माल शिवून देता येतो आणि प्रत्येक मेलमध्ये त्या दुकानाबद्दलची एक खरी ओळ लिहिता येते. एकाच मजकुरावर सगळ्यांचे पत्ते बीसीसीत टाकून पाठवलेला मेल ओळखू येतो. शिवाय नव्या खात्यावरून एकसारखे मेल भराभर गेले की ते स्पॅममध्ये पडण्याची शक्यता वाढते.

आता मेल. कॅनॉटमधल्या लहान मुलांच्या वस्तूंच्या एका दुकानासाठी तो असा होईल:

> विषय: बाळाच्या गोधड्या ठेवाल? पैसे विकल्यावर
>
> नमस्कार,
>
> आम्ही गारखेडा परिसरात हाताने शिवलेल्या सुती गोधड्या आणि बटवे तयार करतो. परवा तुमच्या कॅनॉटच्या दुकानात आलो होतो. बारशाला देण्यासारखे कपड्यांचे सेट आणि खेळणी दिसली, हातशिलाईची गोधडी मात्र दिसली नाही.
>
> ४ गोधड्या (छापील किंमत ९०० रु.) आणि ८ बटवे (१८० रु.) तुमच्याकडे ९० दिवस ठेवायची आमची तयारी आहे. आधी काहीही द्यायचं नाही. विकलेल्या प्रत्येक नगावर ३० टक्के तुमचे. जागा एका फळीची दीड फूट लागेल.
>
> हिशेब आम्ही ठेवू. दर महिन्याच्या १ ते ५ तारखेत येऊन नग मोजू आणि विकलेल्या नगांचे पैसे त्याच दिवशी घेऊ. उरलेला माल ९०व्या दिवशी आम्ही स्वतः येऊन घेऊन जाऊ. त्याआधी जागा हवी झाली तर फोन करा, दोन दिवसांत माल उचलू.
>
> मालाचा एक फोटो आणि अटींचं एक पान सोबत जोडलं आहे. खराब झालेल्या किंवा हरवलेल्या नगांचं काय, तेही त्यात आहे.
>
> येत्या गुरुवारी दुपारी ३ च्या सुमाराला दोन नमुने घेऊन येऊ का? सध्या नको असेल तर ‘नको’ एवढंच लिहिलंत तरी चालेल.
>
> (नाव, भाग, मोबाइल, व्हॉट्सॲप)

विषयाच्या ओळीत वस्तू आणि अट दोन्ही आल्या पाहिजेत. फोनवर विषयाची साधारण पस्तीस-चाळीस अक्षरंच दिसतात, त्यामुळे ‘व्यावसायिक सहकार्याबाबत विनम्र प्रस्ताव’ असं लिहिलं की मुद्द्याची एकही गोष्ट पडद्यावर येत नाही. ‘पैसे विकल्यावर’ हे शब्द विषयातच दिसले की मेल उघडण्याचं कारण मिळतं.

‘दोन दिवसांत माल उचलू’ ही ओळ आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दुकानदाराला बाहेर पडायची वाट दिसली की तो आत यायला तयार होतो. पण ही ओळ पाळता येणार असेल तरच लिहायची. गंगाखेड किंवा अंबडला बसून शहरातल्या दुकानाला दोन दिवसांचा शब्द देऊ नये, आठवडा लिहावा.

‘नको’ म्हणायची मोकळीकही मुद्दाम ठेवलेली आहे. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणणं अवघड जातं, म्हणून लोक ‘बघू’ म्हणतात. त्या ‘बघू’च्या मागे आपले आठवडे जातात. एका शब्दाचं उत्तर चालेल असं लिहिलं की निदान काही जण ते देतात आणि ते दुकान यादीतून काढता येतं.

फोटो एकच, तो मेललाच जोडलेला आणि तीनशे-चारशे केबीपेक्षा हलका असावा. ड्राइव्हची लिंक पाठवू नये. ती सगळ्यांसाठी खुली केलेली नसेल तर दुकानदाराला Request access असा पडदा दिसतो आणि तो मेल बंद करतो. आपल्याला मात्र वाटत राहतं की त्याने बघून सोडून दिला. हे तपासायचं असेल तर मेल आधी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर पाठवून उघडून बघावा. अक्षरांचीही तीच गत. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर मेलमध्ये चिकटवला की समोरच्याला इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. मजकूर युनिकोडमध्येच हवा. पाठवणाऱ्याच्या जागी नीट नावही दिसलं पाहिजे. खात्याचं नाव ‘cutegirl’ आणि पुढे चार आकडे असं असेल तर चांगल्या मेलचंही हसं होतं. जीमेलमध्ये ते Send mail as या ठिकाणी बदलता येतं.

शहरात दुकानदार मराठी, मारवाडी, मुस्लीम असे सगळेच आहेत. मराठी मेल बहुतेकांना चालतो. दुकानात आपलं बोलणं हिंदीत झालं असेल तर मेलही हिंदीत लिहावा, नुसता वर एक हिंदी नमस्कार घालू नये.

वेळ आणि हंगाम यांचाही विचार लागतो. मेल सकाळी दुकान उघडायच्या सुमाराला किंवा दुपारी गिऱ्हाईक कमी असताना पोचावा. संध्याकाळी सहा ते नऊ दुकानदार फोनकडे बघतो तो फक्त पैसे आल्याचा आवाज झाला की. गोधड्यांसाठी गणपती उठल्यानंतरचे दिवस बरे. दसरा-दिवाळीची फळी तेव्हा लागते आणि ९० दिवसांची मुदत थंडीच्या पोटात जाते. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात मात्र लिहू नये. तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नसते. सिल्लोड, वसमत, माजलगाव अशा तालुक्याच्या गावांत बाजार सोयाबीन-कापसाच्या पैशावर हलतो. तिथे मुदत अशी धरावी की माल विकायला आल्यानंतरचे आठवडे तिच्यात यावेत. ऐन पेरणीत ठेवलेली गोधडी बहुधा जशीच्या तशी परत येते.

उत्तर आलं नाही तर पाच-सहा दिवसांनी त्याच मेलला जोडून दोन ओळी लिहाव्यात: ‘मागचा मेल पाहिला असेल तर कळवा. गुरुवारी दुपारी त्याच भागात असू, नमुना दाखवून जाऊ.’ त्यानंतर तिसरा मेल नाही, थेट भेट. उत्तर न येणं म्हणजे नकार असं समजू नये. बऱ्याच दुकानांत मेलचं खातं मालकाच्या मुलाच्या फोनवर असतं आणि तो पुण्याला शिकायला गेलेला असतो.

जी उत्तरं येतात ती साधारण ठरलेली. ‘रेट पाठवा’ म्हणजे त्याने अर्धाच मेल वाचला आणि तो घाऊक खरेदी समजून बोलतोय. त्याला किंमत, त्याचा वाटा आणि आपल्याला द्यायची रक्कम एका ओळीत सांगावी: गोधडी ९००, तुमचे २७०, आम्हाला ६३०, विकल्यावर. ‘रोख घेतो, पण पाडून द्या’ असं कुणी म्हटलं तर रागावू नये. रोखीत माल परत येत नाही, फेऱ्या वाचतात, पैसा मोकळा होतो. ६३० ऐवजी ६०० रोख मिळत असतील तर आम्ही देऊन टाकतो. पण रोखीत घेणारा निम्म्या किमतीला मागत असेल, तर ४५० मध्ये खर्चही निघत नाही.

चाळीस टक्के मागणाऱ्याला वरचं गणित उपयोगी पडतं. ‘भाऊ, बटव्यावर चाळीस घ्या, गोधडीवर तीसच परवडतं’ असं म्हटलं की बहुतेक वेळा जमतं, कारण बटवा गल्ल्याजवळ ठेवला की तो जास्त हलतो आणि हे त्यालाही माहीत असतं.

सगळ्यात सांभाळून घ्यावं असं उत्तर म्हणजे ‘ठेवून जा, बघू’. ऐकायला होकार वाटतो. पण किती नग, किती दिवस, किती टक्के यातलं काहीच ठरलेलं नसतं. अशा वेळी माल पिशवीतून काढण्याआधी चलन काढावं.

चलन म्हणजे साध्या चलन बुकाचं एक पान चालतं. वर तारीख, दोघांची नावं आणि ‘विक्रीसाठी ठेवलेला माल, विकला नाही तर परत’ ही ओळ. खाली प्रत्येक नगाचा क्रमांक, किंमत आणि दुकानाचा वाटा. शेवटी परतीची तारीख आणि दोन सह्या. परतीची तारीख हवीच. १९३० च्या वस्तू विक्री कायद्यात कलम २४ अशाच मालाबद्दल आहे. पसंत पडला तर ठेवा, नाहीतर परत करा अशा बोलीवर दिलेला माल ठरलेल्या मुदतीनंतरही, नापसंतीचा निरोप न देता, ठेवून घेतला तर तो घेतल्यासारखाच धरला जातो. त्याच कायद्याचं कलम २६ उलट बाजूचं आहे. वेगळं ठरलेलं नसेल तर मालकी ज्याची, जोखीमही त्याचीच. म्हणजे कागदावर काही नसेल आणि दुकानातून गोधडी चोरीला गेली, तर नुकसान सहसा आपल्याच गळ्यात पडतं.

म्हणून मेलसोबतच्या पानावर जोखमीची वाटणी सरळ लिहिलेली असते. रंग उडाला, शिवण उसवली, कापडाला कसर लागली तर नुकसान आमचं. नग हरवला, चोरीला गेला किंवा त्यावर चहा सांडला तर दुकानाने आमची रक्कम द्यायची, म्हणजे गोधडीचे ६३०, छापील किंमत नाही. दुकानदाराने सूट दिली तर ती त्याच्या वाट्यातून. ही शेवटची अट लिहिलेली नसली की दिवाळीत ‘दहा टक्के सूट’ची पाटी लागते आणि महिनाअखेर ९० रुपयांवरून वाद होतो.

जीएसटीचं एक कलम बहुतेक छोटे उत्पादक विसरतात. आपली उलाढाल कमी असेल आणि विक्री राज्यातच असेल तर वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. पण दुकान नोंदणीकृत असेल आणि बिल स्वतःच्या नावाने फाडत असेल, तर त्या ९०० मधून त्याला कर भरावा लागतो. आपण नोंदणीकृत नसल्यामुळे त्याला आपल्याकडून कराची वजावटही मिळत नाही. दर ५ टक्के धरला तर ९०० मधले सुमारे ४३ रुपये कराचे. आपण ६३० घेतले तर त्याच्या हातात २७० नाही, २२७ उरतात. पहिल्या हिशेबालाच तो म्हणतो, ‘तुम्ही तर तीस टक्के म्हणाला होता.’ हे टाळायचं तर जीएसटी क्रमांक असलेल्या दुकानाला मेलमध्येच ‘कर वजा जाता किमतीवर ३० टक्के’ असं लिहावं. मग ८५७ वर त्याचे २५७ आणि आपले ६०० होतात. गोधडीमागे आपले ३० रुपये कमी होतात, ते आधीच किमतीत धरावेत.

आपण स्वतः नोंदणीकृत असलो तर माल ठेवताना कर बीजक करायचं नसतं, डिलिव्हरी चलनावर माल जातो. बीजक विक्री झाल्यावर किंवा माल निघाल्यापासून सहा महिन्यांत, यातलं जे आधी येईल तेव्हा. आमची ९० दिवसांची मुदत त्यात आरामात बसते. उदगीर-देगलूरकडच्यांना बीदर जवळ पडतं, पण राज्याची हद्द ओलांडली की नोंदणीचे नियम बदलतात. तिथे माल ठेवण्याआधी कर सल्लागाराकडे एक चक्कर मारावी.

नगावर लेबल हवंच. पॅकबंद वस्तूवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, नग किंवा माप, बनवल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क लागतो. वैधमापनचा निरीक्षक आला तर तो दुकानदाराला विचारतो, म्हणून जाणता दुकानदार लेबल बघितल्याशिवाय माल ठेवत नाही.

लेबलाला जोडून आम्ही किमतीची चिठ्ठी दोन तुकड्यांची करतो. दोन्ही तुकड्यांवर नगाचा क्रमांक असतो आणि मधे फाडायची रेघ. विक्री झाली की खालचा तुकडा गल्ल्याजवळच्या डबीत टाकायचा, एवढंच काम दुकानाकडे. बिलाच्या मशीनमध्ये आपल्या वस्तूची वेगळी नोंद सहसा नसते. काउंटरवरचा मुलगा ‘इतर’ म्हणून बिल करतो आणि महिन्याने कुणालाच काही आठवत नाही. डबीतले तुकडे आणि फळीवरचे नग यांची बेरीज ठेवलेल्या नगांइतकी भरली पाहिजे. भरली नाही तर कुठला क्रमांक गायब आहे ते तिथल्या तिथे कळतं. मालकाला पद्धत सांगून भागत नाही, काउंटरवरच्या मुलालाही दाखवावी. डबीत काय टाकायचं ते शेवटी त्याच्याच हातात असतं.

माल ठेवतानाही थोडं बघावं लागतं. पश्चिमेकडे तोंड असलेल्या काचेत गडद रंगाची गोधडी ठेवली तर मार्च-एप्रिलच्या उन्हात घडीवरचा पट्टा फिका पडतो आणि उघडल्यावर रेघ दिसते. काचेत हलक्या रंगाची ठेवावी आणि दर फेरीत घडी बदलावी. एक नग हात लावून बघायला उघडा, बाकीचे पारदर्शक पिशवीत. मळायचा तो उघडाच मळतो आणि तो आपण धुऊन परत आणू शकतो. बाळाच्या वस्तूंमध्ये डांबरगोळ्या घालू नयेत. दुकानदार कपड्यांच्या सवयीने घालतात, हे त्यांना आधीच सांगून ठेवावं.

९० दिवसांनंतर चित्र साधारण कसं दिसतं ते बघू. समजा ३ गोधड्या आणि ६ बटवे विकले, १ गोधडी आणि २ बटवे परत आले, त्यातला एक बटवा पार मळलेला. दुकान नोंदणीकृत नाही असं धरू. आपल्याला मिळाले १,८९० अधिक ७५६, म्हणजे २,६४६. विकलेल्या नगांचा खर्च २,०४०. उरले ६०६. तीन फेऱ्यांचं पेट्रोल प्रत्येकी ६० धरलं तर १८० गेले, मळलेल्या बटव्याचे ७५ गेले. हातात ३५१. दुकानाला मात्र दीड फूट जागेतून, एक पैसा न गुंतवता, १,१३४ मिळाले. पहिला मेल पाठवताना आपल्याकडे असा आकडा नसतो. दुसऱ्या दुकानाला लिहिताना तो असतो आणि ‘तीन महिन्यांत दीड फुटातून अकराशे’ ही ओळ मेलच्या दुसऱ्या परिच्छेदात टाकता येते. दुकानाचं नाव मात्र त्यांना विचारल्याशिवाय लिहू नये, आणि त्याच गल्लीतल्या दुकानाला तर हा आकडाच सांगू नये.

३५१ रुपये कमी वाटत असतील तर त्यात कमी करता येण्यासारखा घाव फेऱ्यांचा आहे, टक्क्यांचा नाही. एका फेरीत एकाच भागातली चार दुकानं झाली तर दुकानामागे ६० चे १५ होतात. म्हणून मेल पाठवतानाच भाग धरून पाठवावेत: आधी कॅनॉट आणि टीव्ही सेंटर, ते बसले की निराला बाजार आणि औरंगपुरा.

पैसे अडकणार असतील तर त्याचा वास पहिल्याच मोजणीला येतो. नग कमी असतात, डबीत तुकडे नसतात आणि उत्तर मिळतं, ‘गोडाऊनला असेल, पुढच्या वेळी बघू.’ त्या दिवशी वाद घालत बसायचं नाही. फळीवर आहेत ते सगळे नग चलनावर परत म्हणून लिहून घ्यायचे, कमी असलेले नग आणि त्यांची रक्कम खाली लिहायची, सही घ्यायची आणि माल उचलायचा. मागचा हिशेब चुकता झाल्याशिवाय एकही नवा नग ठेवायचा नाही, मग दुकानदार ओळखीचा झाला असला तरी. नव्या मालाच्या आशेने जुने पैसे सुटतात. उलटं मात्र सहसा होत नाही.

आणि पहिल्याच महिन्यात निम्म्याहून जास्त बटवे गेले, तर ९० दिवस संपायची वाट बघू नये. त्याच जुन्या मेलला उत्तर देऊन लिहावं: ‘८ पैकी ५ बटवे गेले. पुढचे १२ रोखीने घेतलेत तर १८० च्या बटव्यावर ४० टक्के तुमचे. गोधड्या आहेत तशाच विक्रीवर राहू द्या.’ बारा बटव्यांचे १,२९६ रुपये हातात येतात आणि त्यातल्या ९०० मध्ये पुढचे बारा शिवून होतात.